त्याच प्रवाशाचा दुसरा फोन कसा वाचवायचा? ट्रॅव्हल एजन्सीच्या प्रश्नोत्तर पानाच्या मांडणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एका ट्रॅव्हल एजन्सीच्या फोन डेस्कवर काढली. आता अशाच एजन्सींसाठी प्रश्नोत्तरांची पानं लिहिते. एजन्सीवाले मला जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

### आमच्या साइटवर असं पान आहे, तरी तेच ते फोन येतात. लोक वाचतच नाहीत का?

काही जण वाचत नाहीत, हे खरं. पण फोन उचलणाऱ्याला विचारून बघा. बरेच फोन "तुमच्या साइटवर वाचलं, पण…" असेच सुरू होतात. या माणसाने वाचलंय, आणि वाचूनही त्याचं काम झालेलं नाही. पान सुधारायचं ते आधी याच्यासाठी.

पहिला फोन आणि दुसरा फोन हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात माणसाला माहिती हवी असते. दुसऱ्यात तो खात्री करायला येतो: "मागच्या आठवड्यात बोललो होतो, त्याचं काय झालं?" पहिल्या वेळी कुणीतरी "होईल, प्रोसेसमध्ये आहे" असं सांगून फोन ठेवलेला असतो. कधी होईल, झालं की कुठे दिसेल आणि नाही झालं तर किती दिवसांनी फोन करायचा, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. मग तो आपल्या मनाने एक मुदत ठरवतो, आणि ती नेहमी आपल्या मुदतीपेक्षा लवकर संपते.

### लिहायला सुरुवात कुठून करायची?

फोनच्या वहीपासून. दोन आठवडे प्रत्येक फोनची एक ओळ लिहायची: बुकिंगचा नंबर, निघायला किती दिवस उरलेत, याच कामासाठी हा कितवा फोन, आणि प्रवाशाने वापरलेलं पहिलं वाक्य जसंच्या तसं.

त्या पहिल्या वाक्यासाठीच ही सगळी खटपट आहे. एजन्सीच्या पानावर "परतावा धोरण" असा मथळा असतो. फोनवर मात्र कुणी "मला परतावा धोरण सांगा" म्हणत नाही. तो म्हणतो, "पैसे कधी येणार?" किंवा "कापून किती येणार?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण ते एकाच मथळ्याखाली कोंबलेले असतात. मथळा प्रवाशाच्या तोंडचा ठेवला की नजर टाकताच त्याला आपला प्रश्न ओळखू येतो. साइटवरच्या शोधाच्या चौकटीतही तो हेच शब्द टाईप करतो.

वही लिहायचा कंटाळा येतो, ते मला माहीत आहे. दोन आठवडे जमणार नसेल तर एक आठवडा करा, पण सुट्ट्यांच्या गर्दीचा निवडा.

### प्रश्नांचा क्रम कसा लावायचा? विमान, हॉटेल, व्हिसा असे भाग पाडले तर?

असे भाग एजन्सीच्या सोयीचे असतात, कारण ऑफिसात टेबलंही तशीच मांडलेली असतात. प्रवासी मात्र प्रवासाच्या एखाद्या टप्प्यावर उभा असतो. उद्या पहाटे निघणाऱ्याला विमानाच्या सगळ्या अठरा प्रश्नांमधून आपला प्रश्न हुडकायचा नसतो.

म्हणून काळाच्या क्रमाने लावा: बुकिंग करण्याआधी, पैसे भरल्यानंतर, निघण्याच्या आधीचे तीन दिवस, प्रवासात असताना, आणि रद्द केल्यावर किंवा परत आल्यावर. पानाच्या माथ्यावर या पाच ओळी लिंक करून ठेवल्या की पुरे. "बुकिंग करण्याआधी" हा भाग छोटा ठेवा. ते फोन विक्रीचे असतात, ते तुम्हाला कमी करायचे नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे फोन जास्त करून दुसऱ्या आणि पाचव्या भागातले असतात, कारण तिथे पैसे गेलेले असतात आणि हातात काही पडलेलं नसतं.

### एका उत्तरात नेमकं काय काय असावं?

चार गोष्टी, आणि याच क्रमाने. पहिल्या वाक्यात थेट उत्तर. मग मुदत, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची हेही. मग काम झालं की प्रवाशाला काय दिसेल, कुठे दिसेल. शेवटी, कोणत्या दिवसानंतर फोन करायचा आणि करताना हाताशी काय ठेवायचं.

चौथी गोष्ट लिहायला एजन्सीवाले बिचकतात. "फोन करा" असं लिहिलं तर फोन वाढतील, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तारीख दिलेली असली की बहुतेक माणसं त्या तारखेपर्यंत थांबतात. न दिलेल्या तारखेची वाट कुणी बघत नाही.

### एखादं उत्तर प्रत्यक्ष बदलून दाखवाल का?

रिफंडचंच घेऊ. सर्वाधिक दुसरे, तिसरे, चौथे फोन त्याचेच असतात. बहुतेक पानांवर साधारण असं काहीतरी सापडतं:

> रिफंड 7 ते 10 कामकाजाच्या दिवसांत केला जाईल. अटी लागू.

हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून किती फोन निघतात ते बघा. दिवस कधीपासून मोजायचे, रद्द करायला सांगितलं तेव्हापासून की एअरलाइनने मान्य केल्यापासून? "केला जाईल" म्हणजे एजन्सी पाठवेल, की खात्यात जमा होईल? कामकाजाचे दिवस कुणाचे? आणि रक्कम पूर्ण येणार की कापून? प्रवासी आठव्या दिवशी फोन करतो. आपण सांगतो, "आमच्याकडून गेलेत, बँकेकडून वेळ लागतो." बाराव्या दिवशी त्याचा पुन्हा फोन येतो, कारण बँकेने सांगितलंय की काहीच आलेलं नाही.

आता पैसे खरोखर कसे फिरतात ते बघू. एजन्सीने काढलेल्या विमान तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा आधी एअरलाइनकडून एजन्सीकडे येतात, आणि मग एजन्सीकडून प्रवाशाकडे जातात. प्रवाशाला हा एकच प्रवास वाटतो, पण त्यात दोन टप्पे असतात. काही वेळा प्रवाशाचं कार्ड थेट एअरलाइननेच चार्ज केलेलं असतं. तेव्हा पैसे एजन्सीकडे येतच नाहीत, थेट कार्डावर जातात. म्हणजे उत्तरं दोन हवीत, आणि आपलं कोणतं हे प्रवाशाला कळायला हवं. त्याची खूण सोपी आहे: स्टेटमेंटवर नाव कुणाचं दिसतंय, एजन्सीचं की एअरलाइनचं?

तिसरी भानगड म्हणजे ज्या दिवशी तिकीट काढलं त्याच दिवशी ते रद्द करणं. एजन्सीच्या सिस्टिममध्ये असं तिकीट बऱ्याचदा "व्हॉइड" करता येतं. कार्डाचा व्यवहार पक्का होण्याआधीच मागे घेतला गेला, तर स्टेटमेंटवर वेगळी जमा दिसतच नाही. आधी दिसत असलेली वजाबाकीच नाहीशी होते. प्रवासी जमा शोधत बसतो, ती सापडत नाही आणि फोन येतो. त्याचे पैसे त्याच्याकडेच असतात. हे एक वाक्य पानावर असतं तर तो फोन आलाच नसता.

हे सगळं धरून नवं उत्तर असं होईल. यातले दिवस नमुन्याचे आहेत, तुमच्या नोंदींवरून बदला:

> तिकीट रद्द केलं, पैसे कधी येणार?
> तुमच्या कार्ड स्टेटमेंटवर आमचं नाव असेल, तर पैसे दोन टप्प्यांत येतात. एअरलाइनकडून आमच्याकडे यायला साधारण 3 आठवडे लागतात. ते आले की 2 दिवसांत आम्ही तुमच्याकडे पाठवतो आणि त्याच दिवशी तुम्हाला मेसेज करतो. मेसेज आल्यानंतर कार्डावर दिसायला आणखी 7 दिवस लागू शकतात.
> स्टेटमेंटवर एअरलाइनचं नाव असेल, तर पैसे थेट त्यांच्याकडून येतात. आमच्याकडून पाठवल्याचा मेसेज येणार नाही.
> तिकीट काढलं त्याच दिवशी रद्द केलं असेल, तर वेगळी जमा कदाचित दिसणार नाही. कापलेली रक्कमच स्टेटमेंटवरून निघून जाईल.
> पैसे ज्या कार्डाने भरले त्याच कार्डावर येतात. किती कापून येतील, तो आकडा रद्द केल्याच्या मेलमध्ये दुसऱ्या ओळीत आहे.
> पाठवल्याच्या मेसेजनंतर 7 दिवस उलटले तर फोन करा. आम्ही तुम्हाला व्यवहाराचा 23 अंकी एआरएन देऊ. तो बँकेला सांगितला की रक्कम शोधता येते.

हे लांब आहे, हे मान्य. पण ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस लांब उत्तर वाचतो. एआरएन हा कार्डाच्या व्यवहाराचा माग काढायचा नंबर. "बँकेत विचारा" एवढंच सांगितलं तर बँकेतला माणूस "काही दिसत नाही" म्हणतो आणि प्रवासी परत आपल्याच दारात येतो. नंबर हातात असला की बँकेलाही शोधायला धागा मिळतो. तो मिळवायचा कसा हे तुमच्या पेमेंट गेटवेला आधी विचारून ठेवा. नाहीतर पानावर वचन द्याल आणि डेस्कवरचा माणूस तोंडघशी पडेल.

### "एअरलाइनच्या साइटवर माझं बुकिंग सापडत नाही" हे फोन कसे थांबवायचे?

या फोनमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं, आणि ते आपण प्रवाशाला कधी सांगितलेलं नसतं. एजन्सी ज्या बुकिंग सिस्टिममधून तिकीट काढते (अमेडियस, सेबर वगैरे), तिचा स्वतःचा सहा अक्षरी कोड असतो. एअरलाइनच्या सिस्टिममधला पीएनआर हाही सहा अक्षरीच असतो, पण तो वेगळा असू शकतो. प्रवाशाला मेलमध्ये पहिला मिळतो, आणि एअरलाइनची साइट मागते दुसरा. साइट सांगते, बुकिंग नाही. पुढच्या क्षणी त्याच्या मनात "फसलो" हा शब्द येतो आणि तो फोन उचलतो.

पानावर सांगायचं ते इतकंच: मेलमधल्या "एअरलाइन पीएनआर" या ओळीतला कोड टाका, "आमचा बुकिंग नंबर" तिथे चालणार नाही. दोन एअरलाइन असतील तर पीएनआरही दोन असू शकतात. आडनाव तिकिटावर छापलंय तसंच टाका. तिकिटावर नावाला MR किंवा MRS जोडलेलं असेल तर ते नावाचा भाग नाही.

याच्याच जोडीला येतो "माझं तिकीट कन्फर्म आहे ना?" त्यालाही दिसणारी खूण द्या. पीएनआर म्हणजे जागा धरल्याची नोंद. तिकीट निघालं की 13 अंकी ई-तिकीट नंबर मिळतो, आणि त्याचे पहिले 3 अंक एअरलाइनचे असतात. "तुमच्या मेलमध्ये 13 अंकी नंबर असेल तर तिकीट निघालेलं आहे" एवढं वाक्य वाचून माणूस स्वतःच खात्री करून घेतो. काही स्वस्त एअरलाइन असा नंबर न देता फक्त पीएनआर देतात. तुम्ही त्यांची तिकिटं काढत असाल तर तेही लिहा, नाहीतर हेच वाक्य नवे फोन घेऊन येईल.

पान दुरुस्त करताना मेलचा साचाही बघा. त्यात दोन्ही कोड "रेफरन्स" या एकाच नावाखाली येत असतील तर पानावर कितीही लिहिलं तरी उपयोग नाही.

### सामानाचं वजन, व्हिसा यांचे नियम सारखे बदलतात. ते पानावर द्यावेत का?

आकडे देऊ नका, आकडा कुठे वाचायचा ते द्या. सामानाचा आकडा प्रवाशाच्या स्वतःच्या ई-तिकिटावर असतो. तिथे `23K` असेल तर 23 किलो, `1PC` असेल तर एक नग, `NIL` किंवा `0PC` असेल तर चेक-इन सामान तिकिटात धरलेलं नाही. एका नगाचं वजन किती चालतं ते एअरलाइनच्या पानावर असतं, त्याची लिंक द्या. तिकिटाच्या नमुन्यावर गोल करून एक चित्र टाकलं तर आणखी चांगलं, फक्त त्यातली खऱ्या प्रवाशाची माहिती पुसून टाका.

व्हिसाच्या बाबतीत तर हात आखडताच बरा. "पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड हवा" ही ओळ सगळीकडे सर्रास दिसते, पण सगळ्या देशांचा नियम तसा नाही. शेंगेन देशांत अल्पमुदतीसाठी जाणाऱ्या बाहेरच्या देशांच्या नागरिकांचा पासपोर्ट तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा लागतो, आणि तो गेल्या 10 वर्षांत काढलेला असावा लागतो. म्हणजे इथे मुदत तिथून निघायच्या तारखेपासून मोजायची. दुसऱ्या देशाचा हिशेब निराळा असू शकतो. अशा ठिकाणी तुमच्या पानाने एवढंच सांगावं की अधिकृत माहिती दूतावासाच्या साइटवर आहे, आणि तुम्ही कोणती कागदपत्रं तपासून देता, कोणती नाही.

### फोन नंबर जरा खाली, सहज दिसणार नाही असा ठेवला तर?

नको. नंबर शोधून दमलेला माणूस जास्त चिडून बोलतो आणि तो फोन लांबतो. उलट पानाच्या अगदी वर एक पट्टी ठेवा: "24 तासांच्या आत निघायचं आहे किंवा प्रवासात अडकला आहात? इथे फोन करा." ज्याला खरी घाई आहे त्याची वाट मोकळी होते. बाकीच्यांना न बोलताच कळतं की त्यांचा प्रश्न त्या पट्टीतला नाही.

### प्रश्नावर क्लिक केलं की उत्तर उघडेल, अशी मांडणी चांगली का?

दिसायला नीटनेटकी असते. अडचण लिंकची येते. तुम्ही प्रवाशाला थेट रिफंडच्या उत्तराची लिंक पाठवता, तो तिथे पोचतो, आणि समोर बंद पट्टी दिसते. `<details>` या पट्टी बनवणाऱ्या टॅगला `id`, म्हणजे लिंकसाठीचं नाव, देऊन त्यावर लिंक केली तर पान तिथे सरकतं, पण उत्तर आपोआप उघडत नाही. फोनवर घाईत बघणाऱ्याला वाटतं की इथे काही नाहीच.

माझी पद्धत अशी: सर्वात जास्त फोन येणारी पाच-सहा उत्तरं सरळ उघडी ठेवायची आणि मथळ्याला `id` द्यायचा.

```html
<h3 id="refund-kadhi">तिकीट रद्द केलं, पैसे कधी येणार?</h3>
<p>तुमच्या कार्ड स्टेटमेंटवर आमचं नाव असेल, तर…</p>
```

मग `#refund-kadhi` जोडलेली लिंक बरोबर तिथेच उतरते. बाकीची उत्तरं बंद पट्ट्यांत चालतील. मात्र एकदा दिलेला `id` बदलू नका. जुन्या मेलमधल्या लिंक तुटतात, आणि ते कुणी कळवत नाही, सरळ फोन करतं.

### एफएक्यू स्किमा टाकला तर गूगलवरच उत्तरं दिसतील ना?

बहुधा नाही. हा स्किमा म्हणजे पानावर प्रश्नोत्तरं आहेत हे गूगलला सांगणारा कोड. ऑगस्ट 2023 मध्ये गूगलने जाहीर केलं की शोधनिकालातली ती उघडणारी प्रश्नोत्तरं यापुढे मुख्यतः नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटसाठीच दाखवली जातील. ट्रॅव्हल एजन्सी त्यात बसत नाही. कुणी त्यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

### पान लिहिलं, पण लोक तिथपर्यंत पोचणार कसे?

मेनूतून फार थोडे पोचतात. खरं दार म्हणजे तुमचे मेल आणि मेसेज. बुकिंगच्या मेलमध्ये "एअरलाइनच्या साइटवर बुकिंग कसं बघायचं" या एका उत्तराची लिंक द्या. रद्द केल्याच्या मेलमध्ये रिफंडची, निघण्याच्या तीन दिवस आधीच्या मेसेजमध्ये सामान आणि चेक-इनची. पूर्ण पानाची लिंक देऊ नका, त्या क्षणी लागणाऱ्या एकाच उत्तराची द्या.

आणि डेस्कवरच्या माणसाने फोनवर उत्तर दिल्यावर तीच लिंक मेसेजने पाठवावी. ऐकलेली मुदत माणूस दोन दिवसांत विसरतो. लिहिलेली असली तर आठव्या दिवशी फोन करण्याआधी एकदा उघडून बघतो. यामुळे डेस्कवर तीन माणसं तीन वेगळ्या मुदती सांगतात, तेही बंद होतं. तसं होत असेल तर प्रवासी तिघांशीही बोलून बघतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

### फोन कमी झाले हे कसं ओळखायचं?

फोनची एकूण संख्या बघू नका. ती बुकिंगबरोबर चढते-उतरते, आणि गर्दीच्या महिन्यात पान चांगलं असूनही वाढलेली दिसेल. एक व्याख्या ठरवा: त्याच बुकिंग नंबरवर, त्याच कामासाठी, 14 दिवसांत आलेला दुसरा किंवा पुढचा फोन म्हणजे पुन्हाचा फोन. दर शंभर बुकिंगमागे असे किती आले, ते विषयवार मोजा.

समजा, रद्द केलेल्या 40 बुकिंगवर आधी रिफंडसाठी 30 पुन्हाचे फोन येत होते, आणि नव्या उत्तरानंतर 12 वर आले. आता त्या 12 जणांनी कितव्या दिवशी फोन केला ते बघा. पानावर दिलेल्या मुदतीनंतरचे असतील तर उत्तर ठीक आहे, पैसे उशिरा जात आहेत, आणि तो विषय हिशेबाच्या टेबलावर न्यायचा आहे. मुदतीआधीचे असतील तर उत्तरात काहीतरी कळत नाहीये, किंवा लिंक पोचलेली नाही. "वाचलं, पण…" ने सुरू झालेला प्रत्येक फोन वेगळ्या खुणेने नोंदवा. "पण" नंतरचे शब्द बहुतेक वेळा तसेच्या तसे पानावर घालता येतात.

### कोणते फोन पानामुळे कधीच कमी होणार नाहीत?

विमान रद्द झालेल्या दिवसाचे. नावात मोठी चूक निघाली त्याचे. पहिल्यांदाच एकटं निघालेल्या माणसाचे, ज्याला माहिती सगळी असते, फक्त कुणाचा तरी आवाज ऐकायचा असतो. शिवाय जाण्याचं विमान मुद्दाम सोडून फक्त परतीचं वापरायचं ठरवलेल्यांचे. एका तिकिटातला पहिला टप्पा न वापरता सोडला तर एअरलाइन बहुधा पुढचे टप्पेही रद्द करते. हे पानावर ठळक लिहा, पण तरीही त्यांनी आधी बोललेलंच बरं. तिथे "तिकीट न वापरता सोडण्याआधी आम्हाला फोन करा" असं सरळ लिहा. हा फोन आलेला परवडतो.

### पान किती दिवसांनी तपासायचं?

मुदतींचे आकडे दर तीन महिन्यांनी, मागच्या रद्द बुकिंगच्या नोंदी काढून. रिफंड यायला 3 आठवड्यांऐवजी 5 लागायला लागले असतील तर पानावर त्याच दिवशी 5 करा, आणि ज्यांना आधी 3 सांगितलेत त्यांना आपणहून मेसेज पाठवा. प्रत्येक उत्तराखाली "शेवटची तपासणी" अशी तारीख टाका. ती वर्षभर जुनी दिसली तर प्रवासी उत्तर पूर्ण वाचेल, तारीख बघेल आणि तुम्हालाच फोन करेल.